विक्री सुरू करण्यापूर्वी: शुल्क, पैसे, फोटो आणि मदत

आमच्या ॲपवर हाताने केलेल्या वस्तू विकणाऱ्यांसाठीचे हे पान नव्याने लिहिले आहे. आधीच्या पानावर कमिशन एका जागी, पेमेंट शुल्क दुसऱ्या जागी आणि परताव्याचे नियम अटींच्या पोटात होते, त्यामुळे शंभराच्या विक्रीतून नेमके हातात किती येणार हे कळत नसे. नियम तेच आहेत, फक्त आता ते एका जागी आणि हिशेबासकट आहेत. किंमत ठरवण्याआधी पहिला भाग जरूर वाचा. किंमत एकदा चुकीची लागली की ती वाढवणे ग्राहकाला खटकते आणि तोटा कारागिराच्या मजुरीतून जातो.

सगळे आकडे तुमच्या चलनात वाचा.

शुल्क किती आणि कशावर

नोंदणी मोफत आहे. वस्तू यादीत टाकायलाही पैसे नाहीत, मग ती एक असो की दोनशे. शुल्क लागते ते वस्तू विकली गेल्यावरच, आणि ते दोनच प्रकारचे आहे.

कमिशन १२ टक्के. हे फक्त वस्तूच्या किमतीवर लागते, पाठवणीच्या खर्चावर नाही. तुम्ही सवलत दिली असेल तर सवलतीनंतरच्या किमतीवर.

पेमेंट शुल्क २.५ टक्के. हे ग्राहकाने भरलेल्या एकूण रकमेवर, म्हणजे पाठवणी धरून लागते, कारण पैसे वळते करणारी कंपनी पूर्ण रकमेवर आकारणी करते.

उदाहरण घेऊ. पितळी समईची किंमत १,००० आणि पाठवणी ८०. ग्राहक १,०८० भरतो. कमिशन १,००० वर १२ टक्के म्हणजे १२०. पेमेंट शुल्क १,०८० वर २.५ टक्के म्हणजे २७. तुमच्या खात्यात ९३३ येतात. त्यातले ८० कुरिअरला गेले की ८५३ उरतात. कच्चा माल, मजुरी, खोका, वेष्टन हे सगळे या ८५३ मधून निघाले पाहिजे. शुल्कावर कर लागत असेल तर तो हिशेबपत्रात वेगळ्या ओळीत दिसतो. वरच्या हिशेबात तो धरलेला नाही.

आता एक चूक, जी बहुतेक नवे विक्रेते करतात. पाठवणी बाजूला ठेवू. शुल्क गेल्यावर हातात १,००० हवेत म्हणून ते १,००० मध्ये साडेचौदा टक्के मिळवतात आणि किंमत १,१४५ लावतात. पण शुल्क १,००० वर नाही, वाढवलेल्या १,१४५ वर कापले जाते. ते होते सुमारे १६६, आणि हातात येतात ९७९. दर वस्तूमागे २१ कमी. बरोबर रीत अशी: शुल्क गेल्यावर शंभरातले ८५.५ उरतात, म्हणून हव्या असलेल्या रकमेला ०.८५५ ने भागा. १,००० ÷ ०.८५५ = सुमारे १,१७०. या किमतीतून १६९.६५ कापले जातात आणि १,००० पूर्ण हातात येतात.

‘मोफत पाठवणी’ लिहायची असेल तर पाठवणीचा खर्च वस्तूच्या किमतीत धरावा लागतो, आणि मग त्यावरही कमिशन लागते. वरचीच समई १,०८० ला ‘मोफत पाठवणी’सह विकली तर कमिशन १२९.६० होते, म्हणजे ९.६० जास्त. ग्राहकाला ‘मोफत’ शब्द आवडतो, म्हणून कधी हा खर्च परवडतो. पण तो माहीत असून करावा. जड वस्तूंना, म्हणजे मातीची भांडी, दगडी काम, लोखंडी कामाला, आम्ही पाठवणी वेगळी दाखवण्याचा सल्ला देतो.

वस्तू परत आली तर १२ टक्के कमिशन पूर्ण परत मिळते. २.५ टक्के पेमेंट शुल्क मात्र परत मिळत नाही, कारण ते आमच्याकडे राहत नाही. समईच्या उदाहरणात परतीमागे २७ जातात. परत येण्याचे एक मोठे कारण म्हणजे फोटोतला आणि प्रत्यक्षातला फरक, म्हणून फोटोंचा भाग खाली सविस्तर दिला आहे.

पैसे खात्यात कधी येतात

वस्तू ग्राहकाच्या हाती पडली, की ७ दिवस थांबतो. या मुदतीत ग्राहक वस्तू परत करू शकतो. हे ७ दिवस ज्या आठवड्यात रविवारी मध्यरात्रीपर्यंत पूर्ण होतात, त्यापुढच्या मंगळवारी आम्ही पैसे पाठवतो. बँकेत दिसायला आणखी १ ते २ कामाचे दिवस लागतात.

समजा वस्तू ३ तारखेला, गुरुवारी पोचली. ७ दिवस १० तारखेला, गुरुवारी संपतात. १३ तारखेचा रविवार धरून हिशेब बंद होतो, १५ ला मंगळवारी पैसे निघतात आणि १६ किंवा १७ ला खात्यात दिसतात. वस्तू सोमवारी पोचली तर जास्तीत जास्त वाट पाहावी लागते: पोचल्यापासून पैसे निघेपर्यंत १५ दिवस. रविवारी पोचली तर ९ दिवसांतच निघतात. नव्या ऑर्डरींसाठी कच्चा माल घ्यायचा असेल तर हे अंतर डोळ्यासमोर ठेवा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत विक्री होऊनही हातात काहीच आलेले नसते, आणि हे अगदी नेहमीचे आहे.

किमान रकमेची अट नाही. शंभर जमा असले तरी शंभर जातात.

पैसे अडकतात ते बहुधा तीन कारणांनी.

पहिले, ट्रॅकिंग नंबर भरलेला नसणे. नंबर नसेल तर वस्तू पोचल्याची नोंद आपोआप होत नाही आणि ७ दिवस मोजायला सुरुवातच होत नाही. अशा वेळी आम्ही पाठवल्याच्या तारखेपासून २१ दिवस धरतो, त्यानंतर पैसे सोडतो. पाठवल्याच्या दिवशीच नंबर भरा. कुरिअरची पावती खिशात ठेवून दुसऱ्या दिवशी भरू म्हटले की ती हमखास हरवते.

दुसरे, खात्यावरचे नाव आणि नोंदणीतले नाव वेगळे असणे. नोंदणी ‘सुनंदा’ आणि खाते मुलाच्या नावावर, असे असेल तर बँक पैसे परत पाठवू शकते. एकाच व्यक्तीच्या नावातही आडनाव आधी-नंतर, अर्धवट आद्याक्षरे यांनी गोंधळ होतो. पासबुकावर जसे छापले आहे तसेच, अक्षर न अक्षर भरा. खाते जोडल्यावर आम्ही १ ची चाचणी रक्कम पाठवतो. ती दिसली की खाते पक्के झाले. ३ कामाच्या दिवसांत न दिसल्यास विक्री होण्याची वाट न पाहता कळवा.

तिसरे, खाते बदलणे. सुरक्षेसाठी नवे खाते भरल्यावर ७२ तास पैसे थांबवले जातात. खाते बदलायचेच असेल तर मंगळवारी निघालेली रक्कम खात्यात दिसल्यावर, बुधवारी किंवा गुरुवारी बदला. पुढच्या मंगळवारवर परिणाम होत नाही.

आमचा कोणीही माणूस तुमचा पासवर्ड, पिन किंवा फोनवर आलेला ओटीपी विचारत नाही. विचारणारा आमचा नाही. फोन ठेवा आणि आम्हाला कळवा.

फोटो: ग्राहक वस्तू हातात घेऊ शकत नाही

म्हणून प्रत्येक वस्तूचे किमान ५ फोटो लागतात. समोरून पूर्ण वस्तू, बाजूने किंवा मागून, जवळून पोत (विणीचे टाके, मातीवरची झिलई, लाकडाचे रेषे), आकार कळेल असा एक, आणि काठ, सांधा किंवा तळ. आकारासाठी वस्तू हातात धरा किंवा शेजारी पट्टी ठेवा. नुसता फोटो बघून ६ सेंमीची वाटी आणि १६ सेंमीची वाटी यांतला फरक कळत नाही.

फाइल जेपीजी असावी, लांब बाजू किमान २,००० पिक्सेल, आकार १० एमबीपर्यंत. पहिला फोटो यादीत चौकोनी कापला जातो, तेव्हा वस्तूभोवती चारही बाजूंना थोडी जागा सोडा. नाहीतर सुरईचा गळा कापलेला दिसतो.

फोन पुरेसा आहे. आधी लेन्स मऊ कापडाने पुसा. मातीच्या, तेलाच्या हातांनी हाताळलेल्या फोनची लेन्स धूसर असते आणि ते फोटो काढल्यावरच कळते. झूम करू नका, जवळ जा. सकाळी उशिरा किंवा दुपारी, थेट ऊन न येणाऱ्या खिडकीजवळ पांढरा कागद किंवा साधे कापड पसरा आणि घरातला दिवा बंद करा. दिव्याचा पिवळा आणि खिडकीचा निळसर प्रकाश एकत्र आला की कॅमेरा एकालाच प्रमाण मानतो आणि कापडाचा रंग बिघडतो. निळी साडी जांभळी दिसते, ग्राहकाला निळी मिळते, वस्तू परत येते.

तकाकी असलेल्या वस्तूंची गत वेगळी. पितळ, चांदी, झिलईची भांडी आरशासारखी समोरचे सगळे दाखवतात, फोन धरलेल्या हातासकट. खिडकीवर पातळ पांढरे कापड ताणा आणि खिडकीसमोरच्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करा. चमक पसरते आणि खोदकाम उठून दिसते.

पांढऱ्या पार्श्वभूमीवर गडद वस्तू ठेवली, तर कॅमेरा प्रकाश कमी करतो आणि वस्तू काळा ठिपका होते. पडद्यावर वस्तूवर बोट टेकवा आणि उजेड वाढवा. पांढऱ्या वस्तूला उलट, पार्श्वभूमी करडी घ्या.

फोटो मेसेजिंग ॲपवरून दुसऱ्या फोनला पाठवून मग चढवू नका. ॲप फोटो दाबून लहान करते आणि आमची तपासणी तो ‘आकार कमी’ म्हणून नाकारते. पाठवायचाच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

फिल्टर, चौकट, फोटोवर लिहिलेली किंमत किंवा फोन नंबर चालत नाही. दुसऱ्याच्या वस्तूचा फोटो आढळला तर यादी बंद होते. हाताने केलेली प्रत्येक वस्तू थोडी वेगळी असते. ते लपवू नका. ‘छटेत थोडा आणि आकारात ५ मिमीपर्यंत फरक असू शकतो’ असे वर्णनात लिहा आणि दोन नग शेजारी ठेवून एक फोटो टाका. मापे सेंमीत, वजन ग्रॅममध्ये, भांडे असेल तर किती मिली मावते तेही. वजन वेष्टनासकट मोजा, कारण पाठवणीचा दर त्यावरच ठरतो.

अडचण आली तर

सोमवार ते शनिवार, सकाळी ९ ते संध्याकाळी ६. ॲपमधल्या ‘मदत’ पानावर चॅट आणि फोन दोन्ही आहेत. पैशांबद्दलच्या प्रश्नाला १ कामाच्या दिवसात उत्तर देतो, फोटो किंवा यादीबद्दलच्या प्रश्नाला २ दिवसांत. फोटो नाकारला गेला तर कारण त्याच्याखाली लिहिलेले असते. कारण पटले नाही तर ‘पुन्हा पाहा’ दाबा, तेव्हा तो दुसरा माणूस पाहतो.

वाटेत वस्तू फुटली असेल तर ग्राहकाकडून वस्तूचा, आतल्या वेष्टनाचा आणि खोक्याच्या चारही बाजूंचा फोटो मागवा आणि पोचल्यापासून ४८ तासांत आम्हाला पाठवा. खोक्याचा फोटो नसेल तर कुरिअर भरपाई नाकारते, आणि ग्राहकाने खोका फेकून दिला असेल तर मग काहीच करता येत नाही. म्हणून पार्सलमध्ये एक चिठ्ठी ठेवा: ‘वस्तू तुटलेली आढळल्यास खोका जपून ठेवा आणि आम्हाला फोटो पाठवा.’

लिहिताना ऑर्डर नंबर, तारीख आणि पडद्याचा स्क्रीनशॉट द्या. ‘पैसे आले नाहीत’ एवढेच आले तर आम्हाला आधी कोणत्या ऑर्डरचे, हेच विचारावे लागते आणि एक दिवस वाया जातो. ३ कामाच्या दिवसांत उत्तर आले नाही तर त्याच संवादात ‘वरिष्ठांकडे पाठवा’ बटण दिसू लागते. ते बिनधास्त वापरा, त्याने तुमच्या खात्यावर काहीही परिणाम होत नाही. लिहिणे जमत नसेल तर चॅटमध्ये आवाज रेकॉर्ड करून पाठवा. माणूसच ऐकतो आणि उत्तरही आवाजातच देतो.