झोपे मॅडम आल्या आहेत: चाकणच्या कारखान्यात अकाउंट्सच्या नव्या बाईंचं पहिल्या सोमवारचं भाषण

नमस्कार मंडळी. साहेब, एचआर मॅडम आणि मागच्या रांगेत चहा घेऊन उभे असलेले डिस्पॅचवाले, तुम्हालाही नमस्कार.

मी अकाउंट्सला आजपासून. आडनाव झोपे. हसून घ्या आत्ताच, मी थांबते. माहेरची मी चौधरी, तेव्हा बरी जागी होते. लग्न झालं आणि कायदेशीर झोपे झाले. आमच्या जळगावकडे या आडनावाला कुणी ढुंकून बघत नाही, गल्लीत चार झोपे असतात. पुण्यात आले आणि कळलं की हा विषय आहे. आधीच्या ऑफिसात कुणी फोनवर विचारायचं, "झोपे मॅडम आहेत का?" आणि आमचा शिपाई मान वळवून, नीट बघून सांगायचा, "हो, जाग्या आहेत." तेव्हा एक विनंती. ऑडिटर समोर बसलेला असताना दारातून "झोपे, झोपे" अशी हाक मारू नका. तो मनुष्य वहीत काहीतरी लिहून घेतो.

साहेबांना माहीत आहे, मुलाखतीत पॅनेलवर तिघं होते आणि तिघांचेही चेहरे मार्च एंडला असतात तसे. मी आत येऊन बसले. एकानं फाइल बघितली, दुसऱ्यानं फाइल बघितली, तिसऱ्यानं पंख्याकडे बघितलं. मी म्हटलं, "सर, आडनावावर हसायचं असेल तर आधी हसून घेऊ, मग जीएसटी विचारा." तेव्हा कुठे चहा आला. पुढे साहेबांनी तो प्रश्न विचारलाच, पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता? मी म्हटलं, "सर, आज येताना तळेगाव चौकात जिथे उभी होते, बहुतेक तिथेच." मला वाटतं नोकरी त्या उत्तरावर मिळाली, कारण तिघंही त्या दिवशी त्याच चौकातून आले होते.

आता एक खेळ. माझ्याबद्दल तीन गोष्टी सांगते, त्यातली एक थाप आहे. एक, माझं सासर फैजपूरजवळ. तिथे 1936 साली काँग्रेसचं अधिवेशन झालं होतं, खेड्यात भरलेलं पहिलं. दोन, सगळ्या जिल्ह्यात केळीच केळी, आणि मी केळं तोंडात घालत नाही. तीन, इतकी वर्षं अकाउंट्समध्ये आहे, पण मार्च महिन्यात कुणावर आवाज चढवला नाही.

पहिलं खोटं वाटतं त्यांनी हात वर करा. बरं. केळ्याचं? बापरे, स्टोअरचे सगळेच. आणि तिसरं? फक्त परचेसवाले! तुमचं उत्तर बरोबर आहे, आणि तुमच्या चेहऱ्यावरून कळतंय की तुम्ही अकाउंट्सबरोबर आधी बरंच भोगलंय. केळं मी खरंच खात नाही. सासूबाई पाहुण्यांना सांगतात, "सून चांगली आहे, फक्त केळं खात नाही," आणि पाहुणे माझ्याकडे डॉक्टरांनी रिपोर्ट दिल्यासारखं बघतात. भरीत मात्र हक्काने मागा. वांगी कापसाच्या काड्यांवर भाजलेली, लाकडी बडगीत ठेचलेली, वर हिरव्या मिरच्या आणि लसूण. पुण्यात गॅसवर भाजतात त्यालाही भरीत म्हणतात, मी काही बोलत नाही. नवीन आहे.

कामाचं थोडं बोलू, नाहीतर साहेब म्हणतील हिला करमणुकीला घेतलंय का. अकाउंट्सच्या दारात आलं की लोकांचा आवाज बसतो, हे मी प्रत्येक ठिकाणी बघितलंय. माणूस दोनदा डोकावतो, "काही नाही, सहज" म्हणतो आणि जातो. हातात पावती असते. तर या. मी चावत नाही, फक्त पावतीची मागची बाजू बघते.

पावत्यांवरून आठवलं. सेल्सच्या मित्रांनो, पेट्रोल पंपाचं ते गुळगुळीत कागदाचं बिल गाडीच्या काचेपाशी उन्हात ठेवायचं नाही. पुढच्या महिन्यात ते कोरं होतं. मग तुम्ही माझ्यासमोर पांढरा कागद ठेवता आणि म्हणता, "मॅडम, यात 1,840 रुपये होते." मी तो कागद खिडकीपाशी उजेडात धरते, तुम्हीही मान तिरकी करून धरता, आणि आपण दोघं कोऱ्या कागदाकडे भक्तिभावाने बघत राहतो. मिळालं की मोबाइलवर फोटो काढा, बस. आणि दुसरं, नाशिकच्या हॉटेलवाल्याचं आणि कोल्हापूरच्या हॉटेलवाल्याचं अक्षर हुबेहूब सारखं कसं येतं, हे मी विचारणार नाही. आजच्या दिवस.

स्टोअरला एकच गोष्ट. छोट्या पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर 15. चलन तुमच्या ड्रॉवरमध्ये डब्याच्या खाली झोपलेलं असलं तरी हे दिवस मोजले जातात. झोपण्याचा मान या कंपनीत फक्त माझा आहे.

आणि तारखा. महिन्याच्या 7 तारखेला टीडीएस भरायचा असतो, 11 ला विक्रीचं रिटर्न, 20 ला थ्री-बी. या तीन दिवशी माझ्याशी बोलायचं असेल तर आधी लांबून चेहरा बघा. हसतेय असं वाटलं तर जास्त सावध व्हा, पोर्टल बंद पडलेलं असतं. बाकी सगळा महिना तुमचाच. आठ तारखेला तर मी स्वतः चहा पाजते.

माझं बोलणं झालं, आता तुम्ही बोला. नाव आणि डिपार्टमेंट सांगायचंच आहे, पण नुसतं तेवढं सांगितलं तर मी जेवणाच्या सुट्टीपर्यंत विसरेन. म्हणून असं करू. प्रत्येकानं आपलं पाकीट किंवा पर्स काढा आणि त्यातली सगळ्यात जुनी पावती दाखवून ओळख करून द्या. एटीएमची चालेल, दवाखान्याची चालेल, लग्नाच्या हॉलच्या पार्किंगची चालेल. बायकोला दाखवण्यासारखी नसेल तर घडी घालून परत ठेवा, दुसरी काढा. ज्याची सगळ्यात जुनी निघेल त्याला हे केळ्याच्या वेफर्सचं अख्खं पाकीट. जळगावचे आहेत, मिरी लावलेले. मी खात नाही म्हणून वाटतेय असं समजू नका. वेफर्स मी खाते, त्यात केळं कळत नाही.

माझ्यापासून सुरुवात. ही बघा, शिलाईची पावती. गणपतीत नेसायच्या साडीवरचा ब्लाउज. गणपती गेले, दिवाळी गेली, साडी कपाटात आहे, ब्लाउज टेलरकडे आहे, आणि परवा फोन केला तर म्हणतो, "ताई, फक्त हुक लावायचे राहिलेत." हिच्यावर तारीख आहे, रक्कम आहे, सही आहे. बिल असं पाहिजे.

साहेब, तुमचं पाकीट. नाही नाही, तुम्हालाही सूट नाही. अरे वा, रबरबँड लावलाय! सरका रे सगळे जरा, बघू द्या.