अस्सल चामड्याची टॅन हँडबॅग, कमी वापरलेली, खांद्याचा लांब पट्टा सोबत – ₹१,९०० (ठाणे)

धारावीच्या लेदर मार्केटमधून मार्च २०२३ मध्ये ₹४,२०० ला घेतलेली बॅग आहे. ब्रँड नाही, त्यामुळे बाहेर-आत कुठेही लोगो नाही. दुकानाचं हाताने लिहिलेलं बिल आहे, ते सोबत मिळेल. ऑफिसला आठवड्यातून दोन-तीनदा वापरली. गेलं वर्षभर बहुतेक कपाटातच होती. आता बॅकपॅक वापरते म्हणून विकायची आहे.

चामडं म्हशीचं आहे. दाणा जाडसर दिसतो तो त्यामुळेच. छापून उठवलेलं डिझाइन नाही. खरं चामडं की रेक्झिन, हा प्रश्न येणारच, म्हणून फोटो ९ मध्ये पट्ट्याची भोकं जवळून दाखवली आहेत. भोकाच्या आत तपकिरी तंतू दिसतात. रेक्झिनमध्ये तिथे कापडाचा थर आणि वर प्लास्टिकचा पापुद्रा दिसतो, आणि मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत तो पापुद्रा काही वर्षांत सुटायला लागतो. ह्या बॅगेचं कुठेही पोपडं निघालेलं नाही.

माप मोजपट्टीने घेतलं आहे. बुडाशी रुंदी ३४ सेंमी, वरच्या तोंडाशी ३८, उंची २७, बुडाची खोली १२. हातात धरायच्या दोन पट्ट्या उभ्या केल्या की बॅगेच्या वर २४ सेंमी येतात, म्हणजे सडपातळ बाहीच्या कपड्यांवर खांद्याला अडकते, जाड स्वेटरवर नाही. लांब पट्टा १०५ ते १२५ सेंमी करता येतो आणि दोन्ही बाजूंच्या हुकांतून काढताही येतो. रिकाम्या बॅगेचं वजन पट्ट्यासकट ९४० ग्रॅम. हे हलकं नाही. मान-खांदा दुखत असेल तर आधी विचार करा.

१३ इंची लॅपटॉप सहज बसतो. १४ इंची बसतो, पण चेन लावताना कोपऱ्याशी अडतो आणि रोज तसं ओढलं तर चेनचे दात वाकतील. १५.६ इंची बसत नाही. ए-फोर फाइल आडवी राहते. पाऊण लिटरची उंच स्टीलची बाटली उभी ठेवली तर चेन पूर्ण लागत नाही. आत एक चेनचा कप्पा, मोबाइलसाठी दोन उघडे कप्पे; बाहेर मागच्या बाजूला मॅग्नेट बटणाचा सपाट कप्पा आहे.

आता दोष. काही फोटोत नीट दिसत नाहीत, म्हणून लिहूनच देते.

सगळ्यात जास्त झीज मागच्या उजव्या कोपऱ्याला, बुडाशी आहे. चालताना बॅग तिथेच घासते. साधारण १ सेंमी भागाचा रंग गेला आहे आणि खालचं फिकट चामडं दिसतं (फोटो ५). चामडं फाटलेलं नाही, शिलाई शाबूत आहे. टॅन रंगाचं क्रीम पॉलिश लावलं तर लांबून कळणार नाही, पण मी मुद्दाम लावलेलं नाही, कारण मग तुम्हाला खरी अवस्था दिसली नसती. बाकी तीन कोपरे ठीक आहेत.

पुढच्या बाजूला डावीकडे ४ सेंमीचा ओरखडा आहे (फोटो ६). नख फिरवलं की किंचित अडकतं, म्हणजे तो वरवरचा नाही आणि क्रीमने पूर्ण जाणार नाही. त्याशिवायच्या बारीक रेघा बोटाने चोळल्या की मिटतात.

हातातल्या पट्ट्या मधोमध गडद झाल्या आहेत. हिरडा-बाभळीच्या सालीसारख्या वनस्पतींनी कमावलेलं चामडं हाताच्या घामाने आणि उन्हाने असं गडद होतं. ते धुऊन जात नाही. काहींना हाच रंग आवडतो. तुम्हाला एकसारखा रंग हवा असेल तर ही बॅग घेऊ नका.

लांब पट्ट्याचा उजवा जोड उसवायला लागला होता. तो चर्मकाराकडून जाड नायलॉन धाग्याने पुन्हा शिवून घेतला आहे. शिलाई भक्कम आहे, पण धागा मूळ धाग्यापेक्षा गडद आहे (फोटो ७). जोड उसवतो तो वजनाने: लॅपटॉप, चार्जर, भरलेली बाटली आणि डबा एकत्र टाकला की सगळा भार त्या दोन इंचांवर येतो. ३-४ किलोच्या वर भरू नका. त्याच पट्ट्याच्या कडेचा रंग नेहमीच्या भोकाशी तडकला आहे. तिथे चामडं वाकत राहतं, त्यामुळे हे वाढेल; कडा पुन्हा रंगवून घेणं हे छोटंसं काम आहे.

आतलं अस्तर फाटलेलं नाही. मोबाइलच्या कप्प्यात बॉलपेनचा २ सेंमीचा डाग आहे. सॅनिटायझरने काढायला जाऊ नका, शाई पसरेल. मुख्य चेन पितळी दातांची आहे, ती न अडकता चालते. रनर ढिला नाही. एका हुकाचा मुलामा उडून धातू पांढरा दिसतो. बुडाचे चारही पाय जागेवर आहेत.

एक गोष्ट मुद्दाम सांगायची: मागच्या पावसाळ्यात बुडाला पांढरी बुरशी आली होती. पुसून, सावलीत वाळवून ती गेली. आज डाग नाही, कुबट वासही नाही, फक्त चामड्याचा वास आहे. पण बंद कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली तर पुन्हा येऊ शकते. सुती पिशवीत ठेवा (ती मी देते आहे), आत कागदाचे बोळे आणि सिलिका जेलच्या पुड्या टाका, पावसाळ्यात आठवड्यातून एकदा हवेला काढा. भिजली तर कोरड्या कापडाने टिपा. हेअर ड्रायर किंवा ऊन नको, चामडं कडक होऊन तडकतं. खोबरेल तेलही नको: डाग पडतात आणि काही दिवसांनी खवट वास येतो.

फोटो सकाळी खिडकीजवळ काढले आहेत, फिल्टर नाही. प्रत्यक्षात रंग फोटो १ पेक्षा किंचित लालसर आहे.

किंमत ₹१,९००. समोर येऊन घेतली तर ₹१,७५० पर्यंत देईन, त्याखाली नाही. अदलाबदल नको. ठाणे स्टेशन पश्चिमेला शनिवार-रविवारी सकाळी ११ ते १ मध्ये भेटता येईल. बॅग उघडून, चेन ओढून, वास घेऊन, लॅपटॉप घालून बघा; पसंत पडली तरच पैसे द्या, रोख किंवा यूपीआय.

बाहेरगावी कुरिअरने पाठवेन, खर्च तुमचा. बुडात ताठ पुठ्ठा आहे, बॅग घडी केली तर कायमची वळी पडेल, म्हणून ४२×३२×१५ सेंमीचा खोका लागतो. बरेच कुरिअरवाले आकारावरून वजन धरतात (लांबी × रुंदी × उंची ÷ ५०००), म्हणजे दीड किलोच्या पार्सलला ४ किलोचा दर लागू शकतो. आकडा आधी विचारून कळवेन. पैसे देण्यापूर्वी व्हिडिओ कॉलवर सगळे दोष दाखवते. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. इथे न लिहिलेला दोष निघाला तर ४८ तासांत कळवा, येण्या-जाण्याच्या कुरिअरसकट पूर्ण पैसे परत करेन. लिहिलेल्या दोषांसाठी परत घेणार नाही.

पैसे स्वीकारायला मला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. तसा आग्रह करणाऱ्यांना उत्तर देणार नाही. बाकी काहीही विचारा, हवा तो फोटो काढून पाठवते. बॅग विकली की जाहिरात त्याच दिवशी काढेन.