वऱ्हाडी बोलीचा छोटा मौखिक संग्रह : सहा महिन्यांचा कार्य-आराखडा (जानेवारी ते जून २०२६)

सादर : मराठी विभागाच्या प्रकल्प समितीला
मनुष्यबळ : एक समन्वयक (मी), एम.ए.चे दोन विद्यार्थी, गावाकडची एक सहायक

काय जमवायचं

जूनअखेर २४ भाषकांचं मिळून १० तासांचं ध्वनिमुद्रण हाती असावं आणि त्यातल्या ६ तासांचं लिप्यंकन दोनदा तपासून झालेलं असावं. मागच्या बैठकीत ५० तासांची सूचना आली होती. ती मी घेतलेली नाही. चाचणीत एक मिनिट बोलणं उतरवायला वीस मिनिटं लागली. त्या हिशेबाने ६ तासांनाच १२० तास जातात. दोन विद्यार्थी आठवड्याला प्रत्येकी ८ तास देणार, म्हणजे साडेसात आठवडे नुसत्या उतरवण्याचे, तपासणी वेगळी. न उतरवलेलं ध्वनिमुद्रण कपाटात पडून राहतं, हा अनुभव आपल्याला आहे.

ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीवरचा खंड १९०५ मध्ये आला. त्यात वऱ्हाडीचे नमुने आहेत, पण ते कागदावरचे. अलीकडे डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेसोबत मराठी बोलींचं सर्वेक्षण केलं. त्याचा पसारा राज्यभराचा आहे. आपण फक्त पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातली तीन गावं घेऊन तिथल्या गप्पा सलग ऐकणार आहोत.

नमुनानिवड

अकोट, बाळापूर आणि दर्यापूर या तालुक्यांतलं प्रत्येकी एक गाव. गावांची नावं या कागदावर मुद्दाम घातलेली नाहीत. छोट्या गावात वय आणि शिक्षण सांगितलं की माणूस ओळखू येतो. प्रत्येक गावात ८ भाषक : बाई आणि पुरुष, १८ ते ३५ आणि ५५ च्या वरचे, सातवीपर्यंत शिकलेले आणि त्यापुढे शिकलेले, अशा प्रत्येक जोडणीतला एकेक. एका गावात किमान दोन वस्त्यांतून माणसं घ्यायची. देवळासमोरच्या पारावर बसणारे सहज मिळतात म्हणून तेच आठ घेतले, तर तो पाराचा संग्रह होईल.

सगळ्यांत अवघड प्रश्न बायकांचा आहे. पुरुष बहुधा जन्मगावीच राहतो, बाई लग्न होऊन आलेली असते. तिची बोली माहेरची की सासरची? नियम असा : माहेर याच पट्ट्यातलं हवं, आणि नोंदवहीत माहेर, सासर व लग्नाला झालेली वर्षं हे तिन्ही लिहायचं. माहेर मराठवाड्यातलं असेल तर बाईंशी गप्पा जरूर माराव्यात, नमुन्यात मात्र धरू नये. ५५ च्या वरच्या, सातवीच्या पुढे शिकलेल्या बायका कदाचित मिळणार नाहीत. तसं झालं तर तो रकाना रिकामा ठेवायचा. तिथे पुरुष बसवून आकडा भरायचा नाही.

मुद्रण

फेब्रुवारीचा पहिला आठवडा ते मार्चअखेर. त्याआधी कापूस आणि तुरीच्या कामात माणसं सापडत नाहीत, आणि एप्रिलपासून घरोघरी कुलर सुरू होतो. कुलरची घरघर मुद्रणातून काढता येत नाही, आणि आपल्यासाठी तो बंद करायला सांगणं माणुसकीला धरून नाही. होळीचा आठवडा सुट्टी.

कॉलेजातून कोणी आलं की माणूस ‘शुद्ध’ बोलायला लागतो. म्हणून मुलाखत घ्यायची नाही. ओळखीच्या दोघांना समोरासमोर बसवायचं, प्रत्येकाच्या कॉलरला छोटा माइक लावायचा, विषय सहायकताईंनी काढायचा : पोळा कसा व्हायचा, गोड्या पाण्यासाठी किती पायपीट होती, रोडगे कसे भाजता. गावातले गुरुजी आणि सरपंच शक्यतो जवळ नसावेत. पहिली दहा मिनिटं मोजायची नाहीत. त्यानंतरची प्रत्येकी २५ मिनिटं संग्रहात, त्यातली १५ लिप्यंकनाला. मुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, WAV. त्याच संध्याकाळी दोन हार्ड डिस्कवर प्रत, आणि दोन्ही डिस्क एकाच घरात नकोत.

लिप्यंकन

मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत. ELAN या लिप्यंकनाच्या संगणक-प्रणालीत दोन ओळी ठेवायच्या : जसं बोललं तसं, आणि खाली प्रमाण मराठी.

```
G2-S13.wav   G2-S13.eaf
boli    : बाप वावरात जाये अन् आमी शायेत
pramaan : वडील शेतात जायचे आणि आम्ही शाळेत
```

चाचणीत हेच वाक्य एका विद्यार्थ्याने वरच्या ओळीतही ‘जायचा’ आणि ‘शाळेत’ असं उतरवलं. त्याचं मूळ गाव याच भागातलं, घरी तो ‘जाये’च म्हणतो, पण हात शाळेत घडलेला. वऱ्हाडीचा रीतिभूतकाळ तिथेच पुसला गेला. म्हणून पहिला आठवडा फक्त कान बसवण्यासाठी : दोघांनी तीच पाच मिनिटं वेगवेगळी उतरवायची आणि जिथे जमत नाही त्यावर भांडायचं.

नियमपुस्तिका चार पानांच्या वर नको. ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’, ‘पानी’, ‘करून रायला’ ऐकू येईल तसं. ‘ळ’चा ‘य’ होतो म्हणून सगळीकडे ‘य’ करायचा नाही. एकच माणूस ‘डोया’ आणि ‘डोळा’ दोन्ही म्हणतो, आणि कधी काय म्हणतो हेच आपल्याला हवं आहे. ‘चार’ आणि ‘चहा’तल्या ‘च’चा फरक या टप्प्यावर दाखवायचा नाही. हिंदी शब्द हिंदीच राहतील. न कळलेलं `[अस्पष्ट]`, अंदाजाने भरायचं नाही. दुसरी तपासणी सहायकताई करतील. वाद झाला तर त्यांचा कान शेवटचा.

संमती

१८ वर्षांखालील कोणाचंही मुद्रण नाही. परवानग्या तीन, वेगवेगळ्या विचारायच्या : विभागातल्या अभ्यासासाठी, बाहेरच्या अभ्यासकांना देण्यासाठी, आणि इंटरनेटवर सर्वांना ऐकवण्यासाठी. पहिलीला हो आणि तिसरीला नाही, हे उत्तर पूर्ण चालेल.

कागदावर सही किंवा अंगठा म्हटलं की लोकांना कर्जाचे कागद आठवतात. त्यामुळे संमती आवाजातच घ्यायची, त्यांच्या बोलीत वाचून :

“आमी तुमचं बोलनं रेकॉर्ड करून रायलो. नको वाटलं त कधीबी सांगा, आमी बंद करू. पैशे घेतले म्हनून बोललंच पायजे असं नाई. १५ जूनपर्यंत काढून टाका म्हटलं त काढून टाकू. एकदा इंटरनेटवर गेलं अन् कोनं उतरवून घेतलं, त ते आमाले वापस आनता येत नाई.”

शेवटचं वाक्य गाळायचा मोह होईल. गाळायचं नाही. ज्यांना हवं त्यांना हाच मजकूर छापील द्यायचा, त्यावर विभागाचा फोन नंबर. मुद्रणानंतर आठवड्याने तीच परवानगी पुन्हा विचारायची. गप्पांत काय बोलून गेलो हे माणसाला नंतर आठवतं. जावेबद्दल, सावकाराबद्दल, तिसऱ्याच कोणाबद्दल जे निघेल, तिथली नावं आवाजातून आणि लिप्यंकनातून काढायची. नावांची यादी कागदावर, विभागाच्या कुलुपात. फायलींवर फक्त क्रमांक. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा लक्षात घेऊन संमतीचा मसुदा जानेवारीतच विधी विभागातल्या सहकाऱ्यांकडून तपासून घेऊ.

उरलेले महिने

जानेवारी : गावभेटी, मसुदा, यंत्रांची चाचणी. मेचा दुसरा पंधरवडा : दुसरी तपासणी, नावं काढणं. जून : १५ तारखेला माघारीची मुदत संपते, त्यानंतरच अंतिम प्रत. पेरणीची घाई लक्षात घेऊन भाषकांना त्यांचं मुद्रण १० जूनच्या आत पोचवायचं, फोनवर किंवा पेनड्राइव्हवर, ज्याला जसं ऐकता येईल तसं.

भाषकांचं मानधन प्रत्येकी ३०० रुपये, एकूण ७,२०० रुपये, मुद्रण अर्धवट थांबवलं तरीही पूर्ण. सहायकताईंचं मानधन विद्यार्थ्यांइतकंच धरलं आहे. समितीकडून १० जानेवारीपूर्वी दोन गोष्टी हव्यात : दुसऱ्या रेकॉर्डरला मंजुरी, आणि हे मानधन पावतीऐवजी आवाजी नोंदीवर देता येईल असं लेखाविभागाचं लेखी पत्र.