बाळंतपणानंतरचा रक्तस्राव आणि एक गोळी: आपल्या जिल्ह्यातल्या चाचणीचा एक पानी सारांश

बी.ए. तिसरं वर्ष, समाजशास्त्र. ‘आरोग्य आणि समाज’च्या तासाआधी सगळ्यांनी वाचावं.

हा लेख २००६ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी मिळून बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत ही चाचणी घेतली. आपल्या आया-मावश्यांच्या पिढीतल्या बायका तिच्यात होत्या, म्हणून मी हाच लेख निवडला.

प्रश्न काय होता

बाळ जन्मलं, वार पडली की गर्भाशय आवळून घट्ट व्हावं लागतं. त्या आवळण्यानेच आतल्या उघड्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. ते सैल राहिलं तर बाळंतिणीच्या अंगावरून रक्त जातच राहतं आणि काही तासांत जीव जाऊ शकतो. दवाखान्यात त्यासाठी ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात, पण ते थंड जागी ठेवावं लागतं आणि टोचायला शिकलेला हात लागतो. मिसोप्रोस्टॉल ही गोळी मात्र फ्रिजशिवाय टिकते आणि पाण्याबरोबर गिळता येते. घरी किंवा उपकेंद्रात बाळंतपण होत असेल आणि सोबतीला फक्त नर्सबाई असेल, तर ही गोळी रक्तस्राव रोखेल का, एवढंच तपासायचं होतं.

कसं तपासलं

एकूण १६२० बायका. त्यांतल्या ८१२ जणींना मिसोप्रोस्टॉल मिळालं आणि ८०८ जणींना तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी. कुणाला कोणती, हे सोडत काढल्यासारखं ठरलं होतं. बाळंतिणीला ते माहीत नव्हतं, गोळी देणाऱ्या नर्सबाईलाही नव्हतं. हे लपवणं फार महत्त्वाचं आहे. ‘हिला खरं औषध मिळालंय’ हे ठाऊक असेल, तर प्रामाणिक माणसाचाही अंदाज एका बाजूला झुकतो.

बाळंतपण करणं, गोळी देणं, रक्त मोजणं ही सगळी कामं २५ नर्सबाईंनी केली. रक्त नजरेने जोखलं नाही. बाळंतिणीखाली प्लास्टिकची चादर सरकवायची, तिच्या टोकाला खुणा केलेली पिशवी, त्या पिशवीत रक्त जमतं आणि थेट मिलिलिटरमध्ये वाचता येतं. कापडात मुरलेलं रक्त नजरेला नेहमी कमी वाटतं, त्यामुळे मला या लेखातली सगळ्यात भक्कम गोष्ट ही पिशवीच वाटते. दोन तासांत ५०० मिलिलिटर किंवा जास्त रक्त गेलं, म्हणजे दुधाच्या अर्ध्या लिटरच्या पिशवीइतकं, तर तो ‘अतिरक्तस्राव’ धरला.

काय दिसलं

बिनऔषधी गोळीच्या गटात १२ टक्के बायकांना अतिरक्तस्राव झाला, मिसोप्रोस्टॉलच्या गटात ६.४ टक्के. गोळीचा काहीच गुण नसता, तर निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता दहा हजारांत एकाहूनही कमी. ‘धोका ४७ टक्के घटला’ असंही हेच सांगता येतं, पण मला दुसरा आकडा जास्त खरा वाटतो: १८ बाळंतिणींना गोळी दिली की एकीचा अतिरक्तस्राव टळतो. उरलेल्या सतरा जणींना तो गोळीशिवायही झाला नसता किंवा गोळी घेऊनही झाला असता. सरासरी रक्त २६२ मिलिलिटरवरून २१४ वर आलं.

गंभीर रक्तस्राव १.२ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यांवर आला. इथे जपून बोलायला हवं. टक्क्यांचा गुणाकार करून पाहा: साधारण दहा जणी विरुद्ध दोन. इतक्या थोड्या घटनांवरून फायद्याची दिशा कळते, नेमकं माप नाही.

आणखी एक निष्कर्ष सहज नजरेतून सुटतो. चाचणी पुढे सरकली तसं दोन्ही गटांत अतिरक्तस्रावाचं प्रमाण कमी झालं, बिनऔषधी गटातही. दुसरा गट नसता आणि फक्त ‘आधी’ व ‘नंतर’ ताडून पाहिलं असतं, तर ही सगळी घट गोळीच्या नावावर जमा झाली असती.

त्रास म्हणाल तर हुडहुडी आणि ताप. मिसोप्रोस्टॉल घेतलेल्या बायकांत दोन्ही जास्त दिसले, पण थोड्या वेळाने उतरले.

काय म्हणता येत नाही

गोळीने मृत्यू किती टळले, हे १६२० बायकांवरून सांगता येत नाही. त्यासाठी कितीतरी मोठी संख्या लागते. गोळी इंजेक्शनहून चांगली आहे, असंही यातून निघत नाही. तुलना इंजेक्शनशी नव्हतीच. जिथे मिळतं तिथे जागतिक आरोग्य संघटना ऑक्सिटोसिनच आधी सुचवते. मिसोप्रोस्टॉल अतिरक्तस्राव टाळण्यासाठी २०११ साली संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आलं. आणि गोळी बाळ जन्मल्यावरच द्यायची होती. पोटात बाळ असताना ती दिली तर गर्भाशय जोराने आवळून आई आणि बाळ दोघांनाही धोका होतो.

तासाला मला एका प्रश्नावर बोलायचं आहे: ८०८ जणींना बिनऔषधी गोळी देणं योग्य होतं का? त्या काळी तिथल्या अशा बाळंतपणात गर्भाशय आवळणारं औषध देण्याची रीत नव्हती, त्यामुळे त्यांच्याकडून मिळत असलेलं काही काढून घेतलं नाही. मला हे उत्तर पटतं, पण पूर्ण नाही. तुम्ही तुमचं मत घेऊन या.