सागरी प्रवासाचा मार्ग बदलल्याने ‘हेल्ड कव्हर्ड’ अटींवर विमा चालू ठेवण्याबाबत विनंती

उद्यमबाग, बेळगाव
दि. 19 डिसेंबर 2023

प्रति,
मा. शाखाधिकारी,
सागरी विमा विभाग, बेळगाव

विषय: ओपन कव्हरखालील डिक्लेरेशन क्र. 47. न्हावा शेवा ते हॅम्बुर्ग, ओतीव लोखंडी पंप-हाउसिंग, दोन वीस फुटी कंटेनर, 38 टन.

महोदय,

वरील माल घेऊन निघालेले जहाज आता सुएझ कालव्याने जाणार नाही. काल, सोमवारी सायंकाळी, फॉरवर्डरमार्फत शिपिंग लाइनची नोटीस आमच्या हाती आली. तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले होत असल्यामुळे जहाज बाब-अल-मांदेबकडे न जाता दक्षिणेला वळले आहे आणि केप ऑफ गुड होपला वळसा घालून युरोपात पोहोचेल. आमचे कंटेनर अल्जेसिरास बंदरात उतरवून दुसऱ्या जहाजाने हॅम्बुर्गला नेण्याची शक्यताही नोटिशीत आहे. जहाज न्हावा शेव्याहून 13 डिसेंबरला सुटले. मार्ग ठरवण्यात आमचा काहीही हात नव्हता. बातमी कळल्यावर कार्यालय उघडताच आज हे पत्र आपल्या हाती देत आहोत.

आमचा विमा इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस ‘ए’, 2009 प्रमाणे आहे; सोबत वॉर आणि स्ट्राइक्स क्लॉजेस आहेत. जहाज आमच्या ताब्याबाहेर मार्ग सोडून गेले किंवा माल दुसऱ्या जहाजावर चढवला, तरी संरक्षण चालू राहते, असे ट्रान्झिट क्लॉज सांगतो. मग हे पत्र का, असे आपण विचाराल. आमच्या डिक्लेरेशनमध्ये आणि आपण दिलेल्या सर्टिफिकेटवर ‘व्हाया सुएझ’ असे टंकलेले आहे. पॉलिसीत नेमून दिलेला मार्ग जहाजाने कायदेशीर कारणाशिवाय सोडला, तर त्या क्षणापासून विमाकर्ता जबाबदारीतून मोकळा होतो आणि जहाज नुकसानीआधी मूळ मार्गावर परतले तरी फरक पडत नाही, असे 1963 चा सागरी विमा कायदा सांगतो. आजचे कारण कायदेशीर ठरेल अशी आमची धारणा आहे, पण हा वाद दावा उभा राहिल्यावर निघू नये. माल समुद्रात सुखरूप असतानाच तो मिटलेला बरा.

म्हणून विनंती अशी की, जहाजाने मार्ग सोडला त्या क्षणापासून हॅम्बुर्ग येथील खरेदीदाराच्या गोदामात माल पोहोचेपर्यंत आमचा माल ‘हेल्ड कव्हर्ड’ मानावा. जादा प्रीमियम वाजवी दराने आपण कळवावा. तो भरण्याची आमची तयारी आहे. अल्जेसिरास किंवा वाटेतील अन्य बंदरात होणारी उतरण, तिथला मुक्काम आणि पुढील जहाजावरील प्रवास यांचा उल्लेख एंडोर्समेंटमध्ये असावा. वॉर क्लॉजखाली ट्रान्सशिपमेंटच्या बंदरातले संरक्षण जहाज पोहोचल्यापासून पंधरा दिवसांत संपते आणि माल पुढच्या जहाजावर चढल्यावर पुन्हा सुरू होते. युरोपातल्या बंदरांत गर्दी वाढली तर ही मुदत अपुरी पडेल. ती वाढवता येईल का आणि कोणत्या दराने, हे वेगळे कळवावे.

जोखमीबद्दल आम्हाला ठाऊक असलेले सर्व सांगणे आमचे कर्तव्य आहे. नव्या मार्गामुळे प्रवास दहा ते चौदा दिवसांनी लांबेल. जहाज विषुववृत्त दोनदा ओलांडून जानेवारीच्या थंडीत हॅम्बुर्गला लागेल; गरम दमट हवा कंटेनरच्या छताला थंड होऊन पाणी ठिबकण्याचा धोका त्यामुळे वाढतो. आमच्या मालाचा जीव मशीन केलेल्या फ्लँजच्या तोंडात आहे. तिथे नखभर गंज चढला तरी खरेदीदार तो नग बाजूला काढतो. म्हणून प्रत्येक फ्लँजला गंजरोधक तेल लावून वर व्हीसीआय कागद चिकटवला आहे, पॅलेट व्हीसीआय पिशवीत बंद केली आहे आणि कंटेनरमध्ये ओल शोषणाऱ्या पट्ट्या टांगल्या आहेत. ही बांधणी मूळच्या, छोट्या प्रवासाच्या हिशेबाने केली होती, हेही आपल्याला माहीत असावे. आजपर्यंत नुकसानीची कोणतीही खबर आमच्याकडे नाही. उशिरामुळे होणारे नुकसान पॉलिसीत वगळलेले आहे. त्याची मागणी आम्ही करत नाही.

इनव्हॉइसची किंमत 68,40,000 रुपये आणि विमा रक्कम, 110 टक्क्यांप्रमाणे, 75,24,000 रुपये आहे. विक्री सीआयएफ आहे आणि कागदपत्रे बँकेमार्फत खरेदीदाराकडे जायची आहेत. सर्टिफिकेटवरचा मार्ग आणि प्रत्यक्ष मार्ग यात तफावत राहिली, तर खरेदीदार शंका काढणारच, आणि पैसे तिथे अडकतील. या मालामागे आमच्या भट्टीबरोबर मच्छे आणि काकतीच्या छोट्या मशीनिंग शेड आहेत. त्यांची बिले आमच्या पैशांवर अवलंबून आहेत, म्हणून एवढी घाई करत आहोत.

दर ठरायला वेळ लागणार असेल, तर निदान ‘सूचना मिळाली, माल हेल्ड कव्हर्ड, प्रीमियम नंतर ठरेल’ एवढी लेखी पोच आज द्यावी. मुंबई कार्यालयाची मंजुरी लागत असल्यास हे पत्र आजच तिकडे पाठवावे. जहाजाच्या मार्गात पुढे काही बदल झाला, किंवा जनरल ॲव्हरेज जाहीर झाल्याचे कळले, तर आम्ही त्याच दिवशी कळवू.

सोबत: शिपिंग लाइनची नोटीस, बिल ऑफ लेडिंग, इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि मूळ सर्टिफिकेटची प्रत.

आपला विश्वासू,
भागीदार, निर्यात व्यवहार
(सही व शिक्का)