दुरुस्तीनंतर बंद पडलेला स्पीकर आणि नवे ओरखडे यांबाबत तक्रार

दिनांक : 12 जानेवारी 2026
नाशिक

प्रति,
व्यवस्थापक,
मोबाइल सेवा केंद्र, नाशिक

विषय : जॉबशीट क्र. 2601-0347. दुरुस्तीत झालेले नुकसान विनामूल्य भरून देण्याबाबत.

महोदय,

5 जानेवारी रोजी चार्जिंग होत नसल्याने फोन आपल्याकडे जमा केला आणि 10 जानेवारीला संध्याकाळी परत घेतला. चार्जिंग बोर्ड बदलल्याचे 1,450 रुपये, मजुरी 350 आणि जीएसटी 324, असे एकूण 2,124 रुपये भरले आहेत. चार्जिंग आता व्यवस्थित होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण फोन गेला तसा परत आलेला नाही.

पहिली बाब स्पीकरची. खालचा मोठा स्पीकर पूर्ण बंद आहे. रिंग, अलार्म, व्हिडिओ, स्पीकरवरचा कॉल, कशालाच आवाज नाही. फोन बंद-चालू केला, सेफ मोडमध्ये पाहिला, आवाज पूर्ण वाढवला, ब्लूटूथ बंद ठेवले. फरक पडला नाही. कानाजवळच्या छोट्या स्पीकरवर मात्र कॉल स्पष्ट ऐकू येतो आणि ब्लूटूथ इअरफोनही चालतो. म्हणजे दोष सेटिंगचा दिसत नाही. चार्जिंग पोर्टशेजारच्या जाळीजवळ मागून अंगठ्याने दाबले की क्षणभर खरखर येते आणि थांबते. चार्जिंग बोर्ड काढण्यासाठी त्यावरचा स्पीकर बॉक्स आधी उचलावा लागतो. तो परत बसवताना संपर्काची स्प्रिंग वाकली, स्क्रू सैल राहिला किंवा पट्टी नीट बसली नाही, तर नेमके हेच होते. कारण यांपैकी कोणते, ते फोन उघडल्यावर आपल्या तंत्रज्ञांनीच पाहून लेखी सांगावे.

दुसरी बाब ओरखड्यांची. डाव्या कडेला, खालच्या कोपऱ्यापासून वर, फ्रेमवर तीन नवे ओरखडे आहेत. सर्वांत लांब सुमारे 14 मिमी असून तिथला रंग निघून खालचा धातू दिसतो. तिन्ही ओरखडे मागच्या पॅनलच्या फटीला लागूनच आहेत. पॅनल पुरेसे गरम न करता हत्यार घालून उचकटले की अशा खुणा उठतात. त्याच कोपऱ्यात पॅनल पूर्ण चिकटलेले नाही. साध्या कागदाची कड आत सरकते, म्हणजे धूळ आणि पाणीही सरकेल. माझ्या दृष्टीने ही फट ओरखड्यांपेक्षा गंभीर आहे.

हे नुकसान आधीचे नव्हते, याचा पुरावा आपल्याच जॉबशीटवर आहे. जमा करताना त्यावर ‘बॉडी : ओरखडे नाहीत’ आणि ‘स्पीकर : ओके’ असे लिहिले आहे. काउंटरवर चारही कडांचे फोटो काढले होते, ते आपल्या नोंदीत असतीलच. माझ्याकडचे त्याच सकाळचे फोटो, आताचे फोटो आणि स्पीकर तपासणीचा 40 सेकंदांचा व्हिडिओ सोबत जोडला आहे.

11 तारखेला फोन केल्यावर ‘तुम्ही डिलिव्हरीची सही केली आहे, स्पीकरचे वेगळे बिल लागेल’ असे उत्तर मिळाले. ते मला मान्य नाही. काउंटरवर केवळ चार्जर लावून दाखवला, स्पीकर वाजवून दाखवला नाही. सही फोन मिळाल्याची आहे, नुकसान मान्य केल्याची नाही.

हा फोन माझे वडील वापरतात. त्यांना कमी ऐकू येते, म्हणून ते नेहमी स्पीकर लावूनच बोलतात. कानाचा स्पीकर चालू असूनही दोन दिवस त्यांना एकही कॉल धड ऐकता आलेला नाही.

माझ्या मागण्या अशा : स्पीकर तपासून गरज असल्यास मूळ कंपनीचाच नवा बसवावा, पॅनल नवीन गोंदपट्टी लावून नीट बंद करावे, ओरखडलेली फ्रेम बदलावी, आणि ती उपलब्ध नसेल तर वाजवी भरपाई द्यावी. या कशाचेही शुल्क आकारू नये. या कामासाठी फोन रीसेट करण्याची गरज नाही, त्यामुळे माझ्या लेखी परवानगीशिवाय डेटा पुसू नये. फोन माझ्यासमोर उघडावा, नवी जॉबशीट द्यावी आणि परत देताना रिंग व स्पीकरवरचा कॉल वाजवून दाखवावा.

हे पत्र मिळाल्यापासून 7 दिवसांत कामाची तारीख लेखी कळवावी. तसे न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवेन आणि ग्राहक संरक्षण कायदा 2019 अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. फोन घेऊन मी कोणत्याही दिवशी सकाळी 11 नंतर येऊ शकतो. माझा संपर्क क्रमांक जॉबशीटवर आहे.

आपला,
जॉबशीट क्र. 2601-0347 चा ग्राहक

सोबत : जॉबशीट व बिलाची प्रत, 6 फोटो, 1 व्हिडिओ