साठी शांतीनिमित्त मल्हारीकाका आणि सौ. काकूंना

तीर्थस्वरूप काका आणि सौ. काकू,
स्नेहलचा शिरसाष्टांग नमस्कार.

मनीषाने शांतीची पत्रिका पाठवली आणि मी तारखेच्या आधी तिथी वाचली. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी, चंपाषष्ठी! काका, आजींनी सांगितलेली तिथीच धरली हे फार बरं केलंत. दाखल्यावरचा तुमचा १ जून हा गुरुजींनी शाळेत नाव घालताना लावून दिलेला, तुमच्या पिढीतल्या कितीतरी जणांचा असतो तसा. एसटीचा वर्धापनदिनही तोच. १९४८ साली त्याच दिवशी पुणे-नगर मार्गावर पहिली गाडी धावली, हे मी तुमच्याच तोंडून ऐकलंय. त्यामुळे डेपोतले लोक १ जूनला दोन्हींचे पेढे एकदमच मागायचे. पण तुमचा खरा वाढदिवस हा, भरीत-भाकरीचा आणि तळी भरण्याचा. खंडोबाच्या दिवशी जन्मलात म्हणून आजींनी मल्हारी नाव ठेवलं, आणि तो दिवस मात्र दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गाडीवरच गेला.

यंदा पंचांग उघडून पाहिलं. तुमचा जन्म शके १८८७ चा, संवत्सर विश्वावसू. आत्ताचं शके १९४७, संवत्सर पुन्हा विश्वावसूच. साठ संवत्सरांचा फेरा पुरा झाला. अशा वेळी माणसाने पाटावर बसावं आणि बाकीच्यांनी त्याच्याभोवती धावपळ करावी, हेच योग्य आहे.

काका, आमच्या वाडीला तुमची मुक्कामी गाडी यायची तेव्हा मी पाचवीत होते. रात्री देवळापाशी गाडी लागली की कुणाच्या तरी घरून तुम्हाला आणि कंडक्टरकाकांना भाकरी-कालवण जायचं. सकाळी सहाला गाडी सुटायची. आम्हा मुलींकडे अहिल्याबाई होळकर योजनेचे पास होते, म्हणजे आमच्यामुळे तिकिटाचा एक रुपया वाढत नव्हता. तरीही मारुतीच्या वळणावर तुम्ही हॉर्न द्यायचात, एकदा लांब आणि दोनदा आखूड. तो ऐकला की आई माझी अर्धी वेणी हातात धरून म्हणायची, "पळ, थांबलेत ते." आणि तुम्ही खरंच थांबलेले असायचात. आमच्या वाडीतल्या ज्या मुली दहावीपर्यंत शिकल्या, त्यांच्या घरी आजही त्या हॉर्नची आठवण निघते. माझ्या आईने तर मला बजावून सांगितलंय की पत्रात हे लिहायचंच.

मनीषाची आणि माझी मैत्री शाळेत झाली, पण मी तुमच्या घरची झाले ती काकूंमुळे. काकू, तुमच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवरची दिनदर्शिका मला अजून दिसते. तारखेखाली पेन्सिलीने काढलेली बारीक अक्षरं: "मु" म्हणजे मुक्काम, "चि" म्हणजे चिपळूणची फेरी, आणि सुट्टीला गोल. मनीषाच्या वाढदिवसापासून पाहुण्यांच्या जेवणापर्यंत सगळं त्या गोलाकडे बघून ठरायचं. दिवाळीत तर गोल नसायचाच, कारण तेव्हा जादा गाड्या. आषाढीला पंढरपूर. आपल्या घरची करंजी डब्यात भरून, दुसऱ्यांना त्यांच्या घरी पोचवायला तुम्ही काकांना निरोप द्यायचात, आणि तोंडातून एक शब्द वावगा नाही.

काका रात्रीची गाडी करून दुपारी झोपले असले की तुम्ही कुकर लावायच्या नाहीत. शिट्टीने झोपमोड होईल म्हणून डाळ पातेल्यात शिजायची, तासभर लागला तरी चालेल. आम्ही दोघी बाहेरच्या पायरीवर कुजबुजत अभ्यास करायचो. त्या वयात मला त्याचं काही वाटलं नाही. आता मी स्वतः नर्स आहे, रात्रपाळी करून घरी येते, आणि दुपारची झोप सांभाळणारं माणूस घरात असणं ही केवढी गोष्ट आहे हे मला रोज कळतं. घाटातून जाणाऱ्या त्या प्रत्येक गाडीतले प्रवासी काकांच्या हातावर सुखरूप गेले, तसेच ते तुमच्या त्या पातेल्यातल्या डाळीमुळेही गेले, असं मी मानते.

माझ्या नोकरीच्या पहिल्या मुलाखतीला मी चिपळूणला काकांच्याच गाडीने गेले. पास नव्हता, मोठी झाले होते. ओळखीच्या पोरीचं तिकीट कशाला, असं कंडक्टर म्हणाले. काकांनी वरच्या खिशातून नोट काढून दिली आणि आधी तिकीट फाडायला लावलं. कुंभार्ली घाटाच्या तोंडाशी धुकं इतकं दाट होतं की समोरचा कठडा दिसेना. काकांनी गाडी बाजूला घेऊन थांबवली. मागून कुणीतरी कुरकुरलं, तर म्हणाले, "चिपळूण कुठं पळून जात नाही." अर्ध्या तासाने धुकं विरलं, मग निघालो. मुलाखतीला उशिरा पोचले, तरी नोकरी मिळाली.

२०२१ च्या जुलैत चिपळूणला महापूर आला तेव्हा काकांची ड्युटी त्याच बाजूला होती आणि रात्रभर फोन लागत नव्हता. मनीषा पुण्यात रडत होती. काकू, तुम्ही तिला काय म्हणालात ते तिने मला सांगितलंय: "ते पाणी बघितल्याशिवाय गाडी घालत नाहीत. जेवून घे तू." जोडीदारावर असा विश्वास बसायला एवढ्या वर्षांचा संसारच करावा लागतो. म्हणून शांतीला तुम्ही दोघं गाठ बांधून शेजारी बसाल आणि साठ दिव्यांनी तुमचं औक्षण होईल, तेव्हा त्यातले निम्मे दिवे काकूंचे असतील.

त्या दिवशी मला रजा नाही. वॉर्डात माणसं कमी आहेत आणि माझी सकाळची ड्युटी आहे. काका, ड्युटी टाकून आलेलं तुम्हाला रुचलं नसतं, हे मला माहीत आहे. माझा भाऊ आई-बाबांना घेऊन येतोय. त्याच्याबरोबर काकूंसाठी इरकल पाठवतेय, हिरवी, नारळी काठांची, आणि काकांसाठी उबदार शाल. शाल कपाटात जपून ठेवू नका, यंदाच्या थंडीत वापरा.

आणखी एक मागणं आहे. काका २०२३ च्या मेअखेर निवृत्त झाले, तरी काकूंनी कुंभार्ली घाट अजून काकांच्या शेजारी बसून पाहिलेला नाही. पुढच्या पावसाळ्यात दोघांनी कराडहून चिपळूणच्या गाडीत बसायचं, काकूंनी खिडकीशी. काकूंना तिकीट अर्धं आहे, काकांनी पूर्ण काढायचं, आणि गाडी कोण कशी चालवतंय याकडे काकांनी बघायचं नाही. डबा मी करून देईन.

तुम्हा दोघांना उत्तम आरोग्य लाभो, गुडघे आणि डोळे साथ देवोत, नातवंडांची लग्नं तुमच्या हातून लागोत. सहस्रचंद्रदर्शनाला आम्ही सगळे असेच जमू, आणि तेव्हाची रजा मी वर्षभर आधी टाकून ठेवीन. खंडोबाराया तुमच्या घरावर कृपा ठेवो. येळकोट येळकोट जय मल्हार!

रविवारी दुपारच्या गाडीने येतेय. शांतीच्या दिवशीचं भरीत तर मला मिळणार नाही, म्हणून काकू, रविवारी वांगी तेवढी आणून ठेवा. भाजून मी घेते.

तुमचीच,
स्नेहल